पाडव्याच्या जाहिरातीत 'नवं घर' कसं मांडायचं? (फर्निचर शोरूम, कोल्हापूर)

शाहूपुरीकर

मंडळी, मदत हवीय. मी जाहिरातीचा मजकूर लिहितो, कोल्हापुरातल्याच दुकानांचा. यंदा एका फर्निचर शोरूमचं पाडव्याचं काम आलंय. मालकांचं म्हणणं एकच, "नवीन वर्ष, नवीन घर, नवीन सुरुवात, ह्यावर कायतरी झकास करा." पाडवा १९ मार्चला आहे, गुरुवारी. एक वीस बाय दहाचा फ्लेक्स, पेपरात अर्धं पान, वीस सेकंदांची रेडिओची जाहिरात आणि व्हॉट्सअॅपला फिरवायला एक चित्र एवढं करायचंय. मी पहिला मसुदा असा दिला:

'नव्या वर्षाची नवी सुरुवात, नव्या घराला नवी ओळख! या पाडव्याला घरी आणा सुख, समाधान आणि सागवानी फर्निचर. ५० टक्क्यांपर्यंत सूट. अटी लागू.'

मालकांना आवडला, मला नाही. त्याचं कारण म्हणजे गेल्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी केलेला ह्याच शोरूमचा फ्लेक्स. त्यावर गुढी, किल्ली, मागं बिल्डिंग आणि 'तुमच्या स्वप्नातल्या नव्या घराची सुरुवात'. मालक स्वतः सांगत होते की त्या आठवड्यात अकरा फोन आले, "टू बीएचके केवढ्याला पडतोय" म्हणून. लोकांना ती बिल्डरची जाहिरात वाटली. माझा मसुदा पण त्याच वाटेनं चाललाय असं मला वाटतंय. नवं घर ही कल्पना तर ठेवायचीच आहे, मालकांचा आग्रह आहे आणि मलाही ती पटते, पण फर्निचरच्या अंगानं ती कशी सांगायची?

लाल_माती

भावा एका वाक्यात चार वेळा नवं. माझ्या बायकोनं वाचलं आणि म्हणाली आपल्या जुन्या सोफ्याला वाईट वाटंल की.

जुना_टाइपसेटर

शाहूपुरीकर, तुमची शंका बरोबर आहे. मी तीस वर्षं पेपरच्या जाहिरातींत काढली, आधी खिळे जुळवत होतो, नंतर कॉम्प्युटरवर. आमचे साहेब एक परीक्षा घ्यायचे. दुकानाचं नाव हातानं झाकायचं आणि शेजारच्याला विचारायचं, कुणाची जाहिरात आहे? तुमचा मसुदा झाकून बघा. 'सागवानी फर्निचर' एवढे दोन शब्द काढले तर तीच जाहिरात रंगवाल्याला चालते, टाइल्सवाल्याला चालते, गृहकर्ज देणाऱ्या बँकेला चालते. पाडव्याच्या आठवड्यात ह्या सगळ्यांचे फ्लेक्स एकाच चौकात लागलेले असतात आणि सगळ्यांवर 'नवी सुरुवात' असतं.

कावळा नाक्यावरनं दुचाकीनं जाणारा माणूस फ्लेक्सकडं चार-पाच सेकंद बघतो, तेही सिग्नल लागला तर. तेवढ्यात सहा-सात शब्द डोक्यात जातात. त्या सहा-सात शब्दांत बसायची, झोपायची किंवा जेवायची गोष्ट आली पाहिजे. 'सुख समाधान' हे सोफ्यावर बसल्यावर मिळतं, दुकानात मिळत नाही, त्यामुळं तुम्ही सोफ्याविषयी बोला.

दुसरं म्हणजे, नवं घर लागतं त्या दिवशी नक्की काय घडतं ते आठवा. तिथंच तुमची ओळ मिळंल.

पन्हाळ्याचा_वारा

माझ्या मते मुहूर्ताचं महत्त्व ठळक पाहिजे. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त, त्यामुळं पंचांग न बघता खरेदी करता येते, हे वर मोठ्या अक्षरात टाका. आणि शके १९४८ च्या शुभेच्छा संवत्सराच्या नावासकट द्या, भारदस्त वाटतं.

माई_मंगळवारपेठ

अहो, गुढीपाडवा पूर्ण मुहूर्त आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, आणि दिवाळीतला पाडवा, बलिप्रतिपदा, तो अर्धा. नाव दोन्हीकडं पाडवाच, म्हणून गोंधळ होतो. पंचांग न बघता घ्यायचं हे मात्र तुमचं बरोबर.

पन्हाळ्याचा_वारा

माई, आमच्याकडं अक्षय्य तृतीयेला अर्धा धरतात. पण पाडवा पूर्ण, हे मान्य, माझं चुकलं.

जुना_टाइपसेटर

आणि संवत्सराचं नाव टाकायच्या आधी पंचांग उघडा राव. शके १९४८ चं नाव 'पराभव' आहे. 'पराभव संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा' असं वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर लागलं तर मालक तुम्हाला जिन्यावरनं खाली सोडणार नाहीत.

लाल_माती

😂😂 नाद खुळा. हा फ्लेक्स मला पाहिजे, आमच्या तालमीच्या विरोधी पार्टीच्या दारात लावतो.

कात्रजकर

कोल्हापुरात चांगलं फर्निचर कुठं मिळतं? बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, सासर कळंब्याला आहे, कपाट आणि पलंग द्यायचाय. आम्ही पुण्यात असतो त्यामुळं दोनदा येणं जमणार नाही. एका दुकानात फोन केला तर 'या, बघा, सगळं आहे' म्हणाले, पण बहिणीच्या सासरच्या जिन्यातून कपाट वर जाईल का ह्याचं उत्तर कुणी देईना. तिसरा मजला आहे, लिफ्ट छोटी आहे.

शाहूपुरीकर

कात्रजकर, धागा दुकान सुचवण्याचा नाही, जाहिरात लिहिण्याचा आहे. पण तुम्ही फार कामाचं बोलून गेलात. जिन्यातून कपाट जाईल का, हा प्रश्न नव्या घरातच येतो.

माई_मंगळवारपेठ

आमच्याच घरी झालंय. सासूबाईंच्या वेळचं घर, जिना लाकडी, मधे वळण. थोरल्याच्या लग्नात पलंग आणला, दोन्ही बाजूच्या पट्ट्या सुट्या होत्या त्या गेल्या, पण डोक्याकडची फळी अखंड होती, साडेपाच फूट रुंद. वळणावर आडवी होईना, उभी केली तर वरच्या तुळईला लागायची. चार माणसं अर्धा तास जिन्यात उभी. शेवटी गॅलरीतनं दोरानं वर घेतली, सगळी गल्ली बघायला. फळीला एक मोठा ओरखडा पडला तो अजून आहे. दुकानदारानं आधी माणूस पाठवून मोजलं असतं तर दोन तुकड्यांची फळी दिली असती ना?

सुतार_मामा

माई म्हणतात ते रोजचं हाय. दार किती रुंद ते समदे मोजत्यात, वळण कोण मोजत न्हाई. जिन्याच्या वळणावर आतल्या कोपऱ्यापासनं समोरच्या भिंतीपत्तर किती जागा, आणि डोक्यावर किती, ही दोन मापं घ्यायची. लिफ्टमधी दार नुसतं नाही, आतली तिरकी लांबी मोजायची, कपाट तिरकं उभं राहतंय का ते त्याच्यावर ठरतंय. कात्रजकर, कपाट सुटं करून परत जोडायचं असलं तर आधीच तसं घ्या. पार्टिकल बोर्डाचं कपाट एकदा खोललं की दुसऱ्यांदा स्क्रू तितका धरत न्हाई, भोक मोकळं हुतंय.

भाडेकरू_११महिने

मला मूळ कल्पनेवरच बोलायचंय. 'नवं घर' म्हटलं की तुम्ही सगळे स्वतःचा फ्लॅट धरून चाललाय. मी राजारामपुरीत भाड्यानं राहतो, गेल्या सहा वर्षांत चार घरं झाली, दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट, घर बदललं की टेंपो. माझं घर सारखं नवं असतं आणि एकाही जाहिरातीत मी नसतो. किल्ली हातात घेतलेलं जोडपं, मागं बाल्कनी, हसरी मुलं, आणि मी तो फ्लेक्स बघत कॉट डोक्यावर घेऊन पुढच्या खोलीत. फर्निचर तर मी पण घेतो की. मला पाहिजे हलकं, सुटं होणारं, आणि दुसऱ्या घरात पण बसणारं.

लाल_माती

घर भाड्याचं असू दे, पलंग तर आपला!

जुना_टाइपसेटर

लाल_माती, गंमतीत लिहिलंत पण ही खरी ओळ आहे. सात शब्द, वस्तू आत आहे, आणि बिल्डर हे वाक्य जन्मात वापरणार नाही. झाकून बघा, कुणाची जाहिरात ते कळतं.

पन्हाळ्याचा_वारा

पण मालकांना चालंल का? सणाच्या जाहिरातीत 'भाड्याचं' हा शब्द? लोक सणाला स्वप्न बघतात, भाडं आठवायला नको. माझं प्रामाणिक मत, फ्लेक्सवर नको.

चैत्रपालवी

मी नेहमी नुसती वाचत असते, पण आज लिहावंसं वाटलं. आमचं घर पंचगंगेच्या बाजूला, सखल भागात. २०१९ च्या ऑगस्टमधे पाणी घरात छातीपर्यंत आलं आणि बरेच दिवस उतरलं नाही. परत आलो तेव्हा दार ढकललं तरी उघडेना, कारण आतनं फुगलेलं कपाट दाराला टेकलं होतं. जेमतेम दोन वर्षांचं कपाट होतं, हप्ते संपलेले नव्हते. दुकानदारानं 'लाकडी आहे ताई, काळजीच नको' म्हणून दिलेलं. खालच्या कडेला बोट लावलं तर भिजलेल्या टोस्टासारखा भुगा हातात आला. वरचा सनमायका तेवढा शाबूत, आत काहीच नाही. त्याच खोलीत माझ्या आजीचा सागवानी पाट होता, दोन महिने उन्हात राहिला आणि आज पण त्यावर बसून पूजा होते.

तेव्हा शाहूपुरीकर, तुमच्या मसुद्यात 'सागवानी फर्निचर' वाचलं आणि थांबले. आमची नवी सुरुवात पाडव्याला नव्हती, ऑक्टोबरमधे होती, रिकाम्या खोलीत. कृपा करून पुराचं जाहिरातीत काही आणू नका, ते आम्हाला बघवणार नाही. पण कपाट कशाचं आहे ते खरं लिहा एवढंच म्हणणं.

सुतार_मामा

ताई, तुमचं कपाट पार्टिकल बोर्डाचं हुतं. लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेला पाट असतोय तो. कोरड्या जागी दहा वर्षं बी टिकंल, पण पाण्यात कड फुगली की परत बसत न्हाई. एमडीएफचं बी पाण्यापुढं तसंच. प्लाय त्यापेक्षा बरा, आणि त्यात बी पाण्याला टिकणारा वेगळा येतोय, महाग असतोय. दुकानात ओळखायचं असलं तर कपाटाच्या मागं जावा, बिजागरीच्या भोकात नायतर तळाच्या उघड्या कडेला बघा. भुसा दिसला तर बोर्ड, थर दिसले तर प्लाय. वरनं व्हिनिअर लावलं की समदं सागवानच दिसतंय, रेषा बी खऱ्या असत्यात कारण वरचा पापुद्रा खराच सागवानाचा असतोय.

पन्हाळ्याचा_वारा

मग पापुद्रा खरा आहे तर 'सागवानी' लिहिलं तर खोटं कसं?

जुना_टाइपसेटर

वाचणारा 'सागवानी पलंग' वाचून काय समजतो, त्यावर ठरतं. तो अख्खा सागवान समजतो आणि त्या हिशोबानं पैसे देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'अटी लागू' बारीक अक्षरात टाकून सुटता येत नाही, मोठ्या अक्षरातल्या दाव्याला बारीक अक्षर खोडून काढत असेल तर तीच दिशाभूल. पण दंड बाजूला ठेवा. कोल्हापूर एवढंसं गाव आहे, एका गल्लीत एक कपाट फुगलं की वीस घरांना कळतं.

'५० टक्क्यांपर्यंत' चं पण तेच. शाहूपुरीकर, पन्नास टक्के नक्की कशावर आहेत ते मालकांना विचारलंत का?

शाहूपुरीकर

तुम्ही सगळ्यांनी मला आज शोरूममधे पाठवलंत. सुतार मामांनी सांगितलं तसं प्रत्येक वस्तूच्या मागं जाऊन बघितलं, दोन तास गेले. अख्खे सागवानाचे तीनच पलंग आहेत आणि एक जेवणाचं टेबल. सोफ्यांच्या सांगाड्याला सागवान नाही, दुसरं लाकूड आहे. मधल्या किमतीचे पलंग म्हणजे पाय आणि पट्ट्या सागवानाच्या, फळी प्लायची, वर व्हिनिअर. कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची. आणि पन्नास टक्के दोन वस्तूंवर आहेत, शोरूममधे वर्षभर मांडून ठेवलेल्या, एकाच्या कापडावर ऊन लागून रंग उडालाय. बाकी सगळ्यावर दहा ते पंधरा.

मालकांशी बोललो. आधी चिडले, म्हणाले सगळेच असं लिहितात. मग मी चैत्रपालवींच्या कपाटाचं सांगितलं, नाव न घेता. गप्प बसले, आणि म्हणाले पुरानंतर त्यांच्याकडं पण माणसं फुगलेल्या कपाटाचे फोटो घेऊन आली होती. सागवानी शब्द काढायला तयार झालेत, त्या चार वस्तूंपुरता ठेवायचा. पन्नासवरनं अजून हलत नाहीत.

भाडेकरू_११महिने

पावतीवर लिहून द्या म्हणावं, कुठं कुठलं लाकूड आहे ते. हीच जाहिरात करा की, दुसरं कोण देतंय?

जुना_टाइपसेटर

चांगलं आहे हे. आता मला दुसरी काळजी. जाहिरात कधी येणार आणि वस्तू कधी पोचणार?

शाहूपुरीकर

पेपरची जाहिरात पाडव्याच्या दिवशी, १९ लाच, दर वर्षीसारखी. गेल्या वर्षी 'पाडव्याला बुक करा, पाडव्यालाच घरी' असं होतं. अडतीस बुकिंगं झाली. रात्री नऊपर्यंत चौदा पोचली.

जुना_टाइपसेटर

ह्याचा हिशोब मांडू. एक टेंपो, दोन हमाल, एक सुतार. कपाट किंवा पलंग जोडायला दीड तास धरा, वर जायचा-यायचा वेळ. एका टेंपोची दिवसाला पाच-सहा घरं होतात, दोन टेंपोंची दहा-बारा, चौदा म्हणजे त्यांनी जिवाचं रान केलं. अडतीस कधीच शक्य नव्हती, आणि हे जाहिरात लिहिणाऱ्यानं कुणाला विचारलं नाही. उरलेल्या चोवीस घरांत मुहूर्ताची वस्तू मुहूर्ताला आली नाही. सणाला हे मनाला लागतं, नुसता उशीर म्हणून कुणी सोडत नाही.

बरं, मग आदल्या दिवशी पोचवायची म्हणाल, तर पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या. फाल्गुन संपल्याशिवाय चैत्र लागत नाही, त्यामुळं दर वर्षीच हा पेच. पुष्कळ घरांत अमावस्येला नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. म्हणजे १८ तारीख गेली. १७ पर्यंत घरात गेली पाहिजे.

माई_मंगळवारपेठ

अगदी बरोबर. आमच्याकडं मिक्सर आला होता अमावस्येला, सासूबाईंनी तीन दिवस गॅलरीत ठेवला. पण आधी आलेली वस्तू पाडव्याला वापरायला काढता येते. माझ्या मुलीनं तसंच केलं, टेबल चार दिवस आधी आलं, वर चादर टाकून ठेवलं. पाडव्याला गुढी उभारली, टेबलाला हळदीकुंकू लावलं, आणि त्या दिवशीची पुरणपोळी त्यावर. मुहूर्त साधला की.

शाहूपुरीकर

माई, 'आधी घरी, हळदीकुंकू पाडव्याला'. ही ओळ घेऊ का?

माई_मंगळवारपेठ

घ्या हो. आणि एक सांगते, चित्रात तांब्या नीट काढा. सगळ्या फ्लेक्सवर गुढीचा तांब्या सुलटा असतो, वर नारळ आणि आंब्याची पानं. तो पूजेचा कलश. गुढीवर तांब्या पालथा असतो, खाली जरीचं वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची माळ. कंप्युटरवरनं उचलतात कुठलंतरी.

शाहूपुरीकर

मग तारखा अशा लावतोय. ११ ते १७ ह्या सात दिवसांत दोन टेंपोंनी पोचवायचं, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर घरांपर्यंत वाव. बुकिंग ८ मार्चपर्यंत, रविवार आहे, लोकांना सोयीचा.

लाल_माती

८ ला रंगपंचमी हाय भावा. कोल्हापुरात त्या दिवशी सोफा बघायला कोण येणार, आणि आलाच तर त्याला सोफ्यावर बसू देणार काय तुमी?

शाहूपुरीकर

खरंच की. १० तारीख, मंगळवार. मग जाहिरात १ मार्चला यायला हवी, तो रविवार आहे आणि पगार पण तेव्हाच होतात. १९ ला जाहिरात दिली तर ज्याचं ठरलंय तोच वाचतो, आणि पगार तोवर संपलेला असतो.

पेपरचा मजकूर पुन्हा लिहिला, बघा:

'नव्या घरात दूध उतू गेलं. आता पाहुणे बसणार कुठं?

घर लागतं तेव्हा आधी सतरंजी येते. मग दोन खुर्च्या येतात, आणि पाहुणे आले की खुर्च्या त्यांना देऊन आपण परत सतरंजीवर. या पाडव्याला एकच वस्तू घ्या. सोफा घ्या, पलंग घ्या, नाहीतर चौघांचं जेवणाचं टेबल घ्या. बाकीचं घर सावकाश लागेल. घर भाड्याचं असलं तरी पलंग आपलाच, सुटा होणारा दाखवू. आमचा माणूस येऊन दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून जाईल. १० मार्चपर्यंत ठरवा, १७ च्या आत घरी पोचवू, हळदीकुंकू पाडव्याला लावा. कुठं कुठलं लाकूड आहे ते पावतीवर लिहून देऊ.'

भाड्याचा मुद्दा आत घेतलाय, फ्लेक्सवर नाही. फ्लेक्सवर फक्त वरच्या दोन ओळी, सोफ्याचं चित्र, नाव आणि '१० मार्चपर्यंत'.

भाडेकरू_११महिने

आत का होईना, आलो एकदाचा. धन्यवाद.

पन्हाळ्याचा_वारा

सतरंजीचं छान आहे, आमचं पहिलं वर्ष तसंच गेलं. पण कोल्हापुरात फ्लेक्सवर 'दूध उतू गेलं' लिहिलं तर दूध संघाची जाहिरात वाटणार नाही का?

जुना_टाइपसेटर

शंका रास्त आहे. चित्रात सोफा मोठा असेल तर नाही वाटणार. दुधाचं पातेलं मात्र चित्रात अजिबात नको. आणि छापायच्या आधी मजकूर मोठा करून स्वतः वाचा. श्रीलिपीतनं युनिकोडमधे आणताना 'दुसऱ्या', 'खुर्च्या' असे शब्द मोडतात, गेल्या दिवाळीत एका फ्लेक्सवर 'खुर्च्या'तला रफार उडून गेलेला बघितलाय मी.

चैत्रपालवी

पावतीची ओळ शेवटी आहे, मला ती वर हवी होती. पण आहे ह्यात समाधान. त्या तीन पलंगांतला सगळ्यात छोटा कितीला आहे?

सुतार_मामा

जिन्याचं वळण लिवलंसा, बरं वाटलं. पण मोजायला जाणारा माणूस कोण हाय? टेप धरता येणाराच पाठवा, सेल्समन नको.

लाल_माती

रेडिओचं काय झालं? वीस सेकंदांत एवढं सगळं बसतंय होय?

शाहूपुरीकर

नाही बसत. वीस सेकंदांत मला चाळीसेक शब्दच सावकाश बोलता येतात. दारावरची बेल वाजते, बाई म्हणते "या या, बसा", मग शांतता, आणि बारका पोरगा विचारतो, "आई, कशावर?" पुढं नाव, पत्ता आणि १० मार्च. पोराच्या आवाजासाठी मालकांचा नातू तयार आहे, उद्या रेकॉर्डिंग.

पन्नास टक्क्यांवर अजून बोलणं चालू आहे. मी म्हटलंय की त्या दोन वस्तूंचा फोटो आणि किंमत वेगळी छापू, 'मांडणीतले दोन सोफे अर्ध्या किमतीत, एकाचा रंग उडालाय' असं. ते म्हणतात असं कोण छापतं. उद्या परत बसतोय. चैत्रपालवी, छोट्या पलंगाची किंमत विचारून इथंच टाकतो, त्याचं माप पण आणतो.